तेलाची पिशवी एक लिटरची की ८५० ग्रॅमची? पाकिटावरची बारीक अक्षरं अशी वाचा

मुंबईत मुलाकडे किंवा लेकीकडे गेलेली गावाकडची माणसं परतताना बोरिवलीच्या नॅन्सी कॉलनीतून एसटी पकडतात, तेव्हा पिशव्यांमध्ये फरसाण, बिस्किटं आणि मॉलच्या ‘ऑफर’मधलं तेल असतंच. अंधेरी, मुलुंड, घाटकोपरच्या दुकानांत माल स्वस्त मिळतो, असा आपल्याकडे समज आहे. कधी मिळतोही. पण स्वस्त म्हणजे किती, हे पुढच्या बाजूच्या मोठ्या अक्षरांवरून नाही, मागच्या बारीक छपाईवरून कळतं.

तेलाचंच घ्या. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं, कारण तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. बरीच वर्षं गिऱ्हाईक ‘एक पिशवी म्हणजे एक लिटर’ एवढंच धरून चालत आलं. पूर्वी खाद्यतेल, बिस्किटं, चहा अशा काही वस्तू ठरावीक वजनातच पॅक कराव्या लागत. केंद्र सरकारने २०२२ मध्ये ती अट काढली. तेव्हापासून ९१० च्या शेजारी ८५०, ८०० ग्रॅमच्या पिशव्याही रॅकवर उभ्या दिसतात. उंची जवळपास तीच, चित्र तेच. यात बेकायदा काही नाही, कारण ‘नेट डब्ल्यूटी’ म्हणजे निव्वळ वजन पिशवीवर छापलेलं असतं. वाचायचं काम आपलं.

समजा एक पिशवी ९१० ग्रॅमची आहे आणि किंमत १५५ रुपये. दुसरी १४८ रुपयांची, पण ८५० ग्रॅमची. हात साहजिकच १४८ कडे जातो, सात रुपये वाचले म्हणून. आता मोबाईलवरचा कॅल्क्युलेटर उघडा. किमतीला ग्रॅमने भागा आणि १००० ने गुणा. पहिली पडते किलोला सुमारे १७० रुपये, दुसरी सुमारे १७४. म्हणजे स्वस्त वाटणारी पिशवीच महाग. शिवाय महिन्याला पाच पिशव्या लागत असतील तर घरात ३०० ग्रॅम तेल कमी येतं आणि महिनाअखेरीला सहावी पिशवी आणावी लागते.

ही आकडेमोड गिऱ्हाइकाला करावी लागू नये म्हणून ‘यूएसपी’ छापणं सक्तीचं झालं आहे. यूएसपी म्हणजे एका ग्रॅमचा, किलोचा किंवा लिटरचा दर. एक किलोपेक्षा कमी माल असेल तर दर ग्रॅममागे लिहितात. गंमत इथेच आहे. हा दर दोन दशांश आकड्यांपर्यंतच छापतात. वरच्या दोन्ही पिशव्यांवर तो ‘०.१७ रुपये प्रति ग्रॅम’ असाच दिसेल, कारण ०.१७०३ आणि ०.१७४१ हे दोन्ही ०.१७ होतात. मोठा फरक असेल तर यूएसपी तो दाखवतो, किलोमागे चार-पाच रुपयांचा फरक मात्र त्यात बुडतो. म्हणून तेल, चहा, डिटर्जंट अशा दरमहा लागणाऱ्या मालाला स्वतःचा हिशोब बरा.

निव्वळ वजनात पिशवी, खोका, बरणी धरत नाहीत. घरच्या काट्यावर पिशवीसकट ९१० भरलं तर आत तेल त्याहून कमी आहे. थोडी तूट कायद्याला चालते. अर्धा ते एक किलोच्या पाकिटात १५ ग्रॅमपर्यंत. पण ती एखाद्या पाकिटापुरती. सगळ्या मालाची सरासरी छापील वजनापेक्षा कमी भरता कामा नये.

आता ‘एमआरपी’. ही कमाल किरकोळ किंमत आहे, ठरलेली किंमत नव्हे. दुकानदार त्याहून कमी घेऊ शकतो, जास्त नाही. सगळे कर त्यातच आले, त्यामुळे ‘जीएसटी वेगळा’ किंवा ‘थंड करण्याचे दोन रुपये’ हे दोन्ही मागता येत नाही. हे सगळ्यात जास्त घडतं पाण्याच्या बाटलीला. रेल्वे स्टेशनवरच्या ‘रेल नीर’च्या एक लिटर बाटलीचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १५ वरून १४ रुपये झाला, अर्ध्या लिटरचा १० वरून ९. लोकलच्या घाईत वीसची नोट पुढे करून सुटे न घेता निघणारे रोज हजारोंनी आहेत, आणि विकणाऱ्याला ते माहीत आहे.

एक अपवाद लक्षात ठेवावा लागतो. हॉटेलात टेबलावर बसून मागवलेल्या बाटलीला एमआरपीपेक्षा जास्त लावता येतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निकाल आहे, कारण तिथे बसण्याची-वाढण्याची सेवाही दिली जाते. रस्त्यावरच्या टपरीला किंवा किराणा दुकानाला ही सवलत नाही.

किमतीवर चिकटवलेला स्टिकर दिसला तर तो नखाने उचलून बघा. किंमत कमी करायला स्टिकर चालतो, पण खालची छापील किंमत झाकायची नाही, असा नियम आहे. स्टिकरवरची किंमत खालच्यापेक्षा जास्त असेल तर तो मालच घेऊ नका.

राहिली तारीख. ‘एमएफडी’ म्हणजे तयार केल्याची, ‘पीकेडी’ म्हणजे पॅक केल्याची. ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे तोपर्यंत चव, कुरकुरीतपणा उत्तम राहील. त्यानंतर पदार्थ विषारी होतो असं नाही, मऊ पडेल, वास उतरेल. ‘यूज बाय’ किंवा ‘ईएक्सपी’ ही मात्र शेवटची तारीख, त्यापुढे विकायचंही नाही आणि खायचंही नाही. खाद्यपदार्थांसाठीच्या २०२० च्या नियमांत ही शेवटची तारीख छापणं बंधनकारक आहे, ‘बेस्ट बिफोर’ ऐच्छिक. काही पाकिटांवर तरीही ‘पॅकिंगपासून चार महिने’ एवढंच सापडतं. पीकेडी १२ जून असेल तर १२ ऑक्टोबर आली, हे दुकानातच मोजा. ‘एकावर एक फ्री’ असेल तर आधी मोजा, कारण मुदत जवळ आलेला माल बऱ्याचदा असाच संपवतात. शहरात आठवड्यात खपणारं पाकीट गावात महिनाभर डब्यात राहतं.

तारीख खोडून नवी मारण्याचे प्रकारही होतात. पुसलेल्या जागी प्लॅस्टिकची चमक जाते, आकड्यांमागे जुन्या शाईची सावली राहते, किंवा बॅच नंबरचे आकडे एका ठशाचे आणि तारखेचे दुसऱ्याच ठशाचे दिसतात. शेजारचं त्याच बॅचचं पाकीट लावून बघितलं की लगेच कळतं.

तक्रार करायची तर पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा फोटो आणि बिल जपून ठेवा. जादा किंमत आणि कमी वजन हे वैधमापन विभागाचं काम, मुदत आणि भेसळ हे अन्न व औषध प्रशासनाचं. कुठे जायचं कळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. मराठीतूनही बोलता येतं.