हरवलेल्या कुत्र्याचा संदेश : शोधणाऱ्याला काय कळायला हवे

पाळीव कुत्रा हरवला की पहिल्या तासाभरात एक संदेश लिहिला जातो. हा संदेश कोणाच्या हाती पडणार आहे, याचा विचार लिहिताना क्वचितच होतो. घरच्यांना, शेजाऱ्यांना आणि मित्रांना तो कुत्रा माहीत असतो. पण कुत्रा प्रत्यक्ष दिसण्याचा संभव ज्यांच्या बाबतीत सर्वांत जास्त, ते दोन गल्ल्या पलीकडचे वॉचमन, पहाटेचे दूधवाले, सफाई कर्मचारी, पार्सल पोचवणारी मुले आणि टेकडीवर फिरायला जाणारे लोक हे सगळे अनोळखी असतात. त्यांना कुटुंबाचे दुःख समजून घ्यायला वेळ नसतो. समोर दिसणारा कुत्रा तोच आहे का आणि असेल तर काय करायचे, एवढेच त्यांना हवे असते.

दिवाळीच्या रात्री फटाक्यांना घाबरून कुत्रे पळून जाणे हा शहरातला नेहमीचा प्रकार. पुढचा नमुना त्याच प्रसंगाचा आहे. त्यातले कुटुंब काल्पनिक आहे, पण असे संदेश दर दिवाळीत फिरत असतात :

‘अर्जंट! आमचा लाडका शेरू काल रात्रीपासून दिसत नाही. फटाक्यांना घाबरून गेट उघडं असताना पळाला. घरात कुणी जेवलेलं नाही, आजी सारखी रडतेय. तो फार गोड आणि प्रेमळ आहे. ब्राउन कलर, मध्यम साइज. कुणाला दिसल्यास प्लीज मला लगेच कळवा. जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा!!’

या मजकुरातला शब्दन् शब्द खरा आहे, तरीही शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. सर्वांत मोठी अडचण ‘मला कळवा’ या दोन शब्दांत आहे. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेला संदेश कोणाचा, हे तिथल्या सभासदांना दिसते. तोच व्हॉट्सॲपवरून पुढे गेला की वर फक्त ‘फॉरवर्डेड’ अशी खूण येते. मूळ लिहिणाऱ्याचे नाव किंवा क्रमांक त्याबरोबर जात नाही. तिसऱ्या ग्रुपवर वाचणाऱ्यासाठी ‘मला’ म्हणजे कोणीच नसते. तो पाठवणाऱ्याला विचारतो, पाठवणारा त्याच्या आधीच्याला विचारतो, आणि तोवर कुत्रा आणखी पुढे गेलेला असतो. म्हणून फोन क्रमांक मजकुरातच हवा, शक्यतो दोन वेगवेगळ्या माणसांचे दोन क्रमांक, कारण शोधायला बाहेर पडलेल्या माणसाच्या फोनची बॅटरी नेमकी त्याच दिवशी संपते. दहा आकडे पाच-पाचच्या दोन गटांत लिहिले की वाचून लावताना चूक कमी होते, आणि पाठवण्यापूर्वी घरातल्या दुसऱ्या कोणीतरी तो क्रमांक संदेशातूनच लावून पाहावा. ‘मेसेज करा’ यापेक्षा ‘फोन करा’ बरे. रस्त्यावर कुत्रा दिसलेल्या माणसाला टाइप करण्यापेक्षा बोलून सांगणे सोपे जाते.

दुसरी अडचण ‘काल’ या शब्दाची. संदेश पुढे जात राहतो, पण ‘काल’ त्याच्याबरोबर सरकत नाही. आठवड्याने वाचणाऱ्यालाही कुत्रा आदल्या रात्रीच हरवला असे वाटते आणि महिन्याने वाचणाऱ्यालाही. वार, तारीख, वर्ष आणि वेळ लिहिली की हा घोळ मिटतो. जुना संदेश जुना म्हणून ओळखू येतो, आणि ताजा असेल तर कुत्रा किती दूर गेला असेल याचा अंदाज बांधता येतो. रक्ताच्या मागणीचे संदेश याच कारणाने महिनोन् महिने फिरत राहतात. ‘आज रात्रीपर्यंत रक्त हवे’ असे लिहिलेले असते, तारीख नसते, आणि रुग्ण बरा होऊन घरी गेल्यावरही नातेवाइकाचा फोन वाजत राहतो. तिथेही रक्तगट, रुग्णालय आणि गावाचे नाव, किती पिशव्या, कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणाला फोन करायचा, एवढे पहिल्या दोन ओळींत यायला हवे.

ठिकाण तर नमुन्यात अजिबातच नाही. सोसायटीच्या ग्रुपवर ते सांगायची गरज वाटली नाही, पण बाहेर गेल्यावर हा कुत्रा पुण्याचा की नाशिकचा हेही कळत नाही. नुसते ‘कोथरूड’ही पुरेसे नाही, कारण कोथरूड मोठे आहे. कुठून पळाला, शेवटचा कुठे दिसला आणि तोंड कोणत्या दिशेला होते, या तीन गोष्टी हव्यात. घराचा पूर्ण पत्ता मात्र देऊ नये. चौक किंवा सर्वांना माहीत असलेली इमारत पुरते.

मग येते वर्णन, आणि खरी मेहनत तिथे आहे. ‘ब्राउन, मध्यम साइज’ हे पुण्यातल्या निम्म्या गावठी कुत्र्यांना लागू पडावे. अनोळखी माणूस कुत्रा पाहतो तो दुरून, चालत्या गाडीवरून, बहुधा रात्री. पथदिव्यांच्या पिवळसर उजेडात तपकिरी, तांबूस आणि राखाडी रंगांतला फरक फारसा उरत नाही. पांढरा भाग मात्र तेव्हाही उठून दिसतो. म्हणून आधी पांढरे पंजे, पांढरी छाती, शेपटीचे टोक, दुमडलेला कान, लंगडी चाल अशा खुणा द्याव्यात, रंग नंतर. कानाला कापल्याची खूण असेल तर ती जरूर लिहावी, पण तिच्यावर विसंबू नये. नसबंदी केलेल्या भटक्या कुत्र्यांच्या कानाला तशी खूण करतात, त्यामुळे रस्त्यावरच्या अनेक कुत्र्यांना ती असते. उंची सेंटिमीटरमध्ये सांगितली तर कोणालाच कळत नाही, ‘माणसाच्या गुडघ्याइतका’ हे लगेच डोळ्यांसमोर येते. पट्ट्याचा रंग सांगताना तो निसटलेला असू शकतो हेही लिहावे, नाहीतर पट्टा नसलेला तोच कुत्रा पाहून माणूस ‘हा तो नव्हे’ म्हणून पुढे जातो.

एक खूण मात्र मुद्दाम वगळावी. पोटाखालचा डाग किंवा मांडीच्या आतला व्रण फक्त घरच्यांना ठाऊक राहू द्यावा. हरवल्याचे संदेश वाचून फसवणारेही फोन करतात. कुत्रा आपल्याकडे आहे, पण तो पोचवायला गाडीचे भाडे आधी पाठवा, असे सांगून क्यूआर कोड धाडतात. त्यांना ती लपवलेली खूण विचारली, किंवा तिचा आत्ताचा फोटो मागितला, की बहुधा खरेखोटे तिथेच कळते. कुत्रा डोळ्यांनी पाहण्यापूर्वी पैसे देऊ नयेत आणि फोनवर आलेला ओटीपी कोणालाही सांगू नये. बक्षीस ठेवायचे असेल तर रक्कम न लिहिणे चांगले. मोठ्या आकड्याने फसवणारे ओढले जातात, आणि पोरे टोळीने कुत्र्यामागे धावू लागतात.

यातूनच सर्वांत जास्त दुर्लक्षित ओळ पुढे येते : दिसल्यावर काय करायचे. ‘तो फार गोड आणि प्रेमळ आहे’ हे वाचून चांगल्या मनाचा माणूस हाक मारत जवळ जातो. पण फटाक्यांनी बिथरलेला कुत्रा घरातल्यासारखा वागत नाही. ओळखीच्या माणसापासूनही तो पळू शकतो, आणि पाठलाग झाला तर रहदारीत शिरतो. घाबरून तो चावूही शकतो. त्यामुळे वाचणाऱ्याला पकडायला सांगू नये. दुरून फोटो किंवा छोटा व्हिडिओ काढावा, लगेच फोन करावा आणि तो कुठे जातो यावर नजर ठेवावी, एवढीच विनंती असावी. घरच्यांसाठी ‘आत्ता, इथे’ ही बातमीच सर्वांत मोलाची असते. याच कारणाने संदेशात नाव देण्याचा फायदा थोडा आणि धोका जास्त आहे.

मांजराचा संदेश इथे वेगळा होतो. घरातले मांजर सहसा लांब जात नाही. ते जवळच जिन्याखाली, पार्किंगमध्ये, गच्चीवर किंवा बंद खोलीत दबून बसते आणि हाकेला ओ देत नाही. तिथे शेजाऱ्यांना ‘दिसले तर सांगा’ म्हणण्यापेक्षा ‘आपली खोली, गाडीखालची जागा आणि माळा एकदा उघडून पाहा’ असे म्हणावे.

या सगळ्याच्या आधारे शेरूचा संदेश असा लिहिता येईल :

‘कुत्रा हरवला : कोथरूड, पुणे. मंगळवार, २१ ऑक्टोबर २०२५, रात्री साडेआठ. डहाणूकर कॉलनी सर्कलजवळून पळाला, शेवटचा गांधी भवनाच्या दिशेने जाताना दिसला.

पुढचे दोन्ही पंजे आणि छाती पांढरी, डावा कान दुमडलेला. अंग तांबूस तपकिरी. गावठी नर, गुडघ्याइतका उंच. निळा पट्टा, निसटलेला असू शकतो.

तो घाबरलेला आहे. हाक मारू नका, मागे धावू नका. दुरून फोटो काढा आणि लगेच फोन करा, रात्री कितीही वाजता.

फोन : (पहिला क्रमांक). न लागल्यास : (दुसरा क्रमांक).’

मूळ मजकुरापेक्षा हा फारसा लांब नाही. आजींचे रडणे त्यातून गेले, ते कमी महत्त्वाचे म्हणून नव्हे, तर त्या ओळीच्या जागी पांढरे पंजे आले म्हणून. ‘जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा’ हेही गेले. व्हॉट्सॲपवर पुढे पाठवलेला संदेश एका वेळी पाचच ठिकाणी धाडता येतो, आणि तो पुष्कळदा फिरलेला असेल तर एकाच ठिकाणी. हे मोजके हात नागपूरच्या भाचीच्या ग्रुपवर खर्च करण्यापेक्षा कर्वेनगर, एरंडवणे आणि टेकडीवर फिरणाऱ्यांच्या ग्रुपवर खर्च करावेत. मराठी मजकुराखाली तोच हिंदीत जोडला तर वॉचमन आणि पार्सलवाल्यांपर्यंत तो पोचतो.

फोटो दोन पुरेत. पहिला बाजूने काढलेला, चारही पाय जमिनीवर असलेला, कारण दुरून कुत्रा तसाच दिसतो. दुसरा चेहऱ्याचा. पिल्लू असतानाचे किंवा स्वेटर घातलेले फोटो टाळावेत. फोटो आणि मजकूर वेगवेगळे पाठवले तर पुढे फोटो एका वाटेने जातो आणि मजकूर दुसऱ्या, म्हणून ‘हरवला’, ठिकाण, तारीख आणि क्रमांक एवढे फोटोवरच लिहावे. हाच फोटो छापून किराणा दुकानात, चहाच्या टपरीवर आणि पशुवैद्यांच्या दवाखान्यात, मालकांची परवानगी घेऊन, लावता येतो. कागदावर मात्र अक्षरे दुचाकीवरून जाताना वाचता येतील एवढी मोठी हवीत. प्लॅस्टिकच्या पाकिटाचे उघडे तोंड खाली ठेवले की पावसाचे पाणी आत शिरत नाही.

हे सगळे पाठवण्यापूर्वी तपासणे भाग आहे, कारण व्हॉट्सॲपवर संदेश पाठवल्यानंतर पंधरा मिनिटांपर्यंतच दुरुस्त करता येतो, आणि तोवर लोकांनी पुढे धाडलेल्या प्रती त्याने बदलत नाहीत. कुत्रा सापडल्यावरही त्या प्रती पुसता येत नाहीत. तेव्हा त्याच फोटोवर ठळक अक्षरांत ‘सापडला’ आणि तारीख लिहून तो जिथे जिथे पाठवला होता तिथे पुन्हा टाकावा, आणि दुकानांतले कागद घरच्यांनीच काढून आणावेत.