फोनचा माइक करताना तार नेमकी काय करते?

डेस्कटॉप संगणकाला बहुधा माइक नसतो आणि हे लक्षात येते ते ऐन मुलाखतीच्या किंवा ऑनलाइन तासाच्या वेळी. शेजारी पडलेल्या फोनला मात्र दोन-तीन माइक असतात. तो फोनच माइक म्हणून संगणकाला जोडायचे ठरले, की पहिला प्रश्न येतो तो तारेने जोडावा की बिनतारी. तारेने आवाज चांगला येतो आणि वाय-फायने वाईट, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. आवाजाचा दर्जा मुख्यतः ठरतो फोन तोंडापासून किती लांब आहे यावर. तार सांभाळते ती वेळ, म्हणजे आवाजाचे तुकडे न अडखळता, ठरल्या क्षणी पोहोचणे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या, तर या विषयातले बरेचसे घोळ निस्तरतात.

आधी माइककडे पाहू. फोनमधला माइक हा काही मिलिमीटरचा सिलिकॉनचा तुकडा असतो. त्याला मेम्स माइक म्हणतात. त्याची स्वतःची बारीक खरखर किती, हे सिग्नल आणि गोंगाट यांच्या अंतरावरून मोजतात. फोनमध्ये हे अंतर साधारण 60 ते 70 डेसिबल असते. म्हणजे साधारण फोन आणि उत्तम फोन यांच्या माइकमध्ये फार तर दहाएक डेसिबलचा फरक. आता फोन 60 सेंटीमीटरवरून उचलून तोंडापासून 15 सेंटीमीटरवर ठेवा. अंतर निम्मे झाले की थेट पोहोचणारा आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो. इथे ते दोनदा निम्मे झाले, म्हणून वाढ 12 डेसिबलची. पंखा, रस्त्यावरचे हॉर्न, भिंतीवरून परतणारा घुमारा मात्र होता तेवढाच राहतो. महागडा फोन घेऊन जे मिळाले नसते, ते फोन पुढे सरकवून मिळते.

यावर एक रास्त आक्षेप येतो. लॅपटॉपमध्येही असाच मेम्स माइक असतो, मग फोनचा खटाटोप कशाला? माइक त्याच जातीचा असतो हे खरेच आहे. पण तो पडद्याच्या चौकटीत किंवा कीबोर्डाजवळ बसवलेला असतो. तोंडापासून अर्धा-पाऊण मीटर लांब आणि आतल्या पंख्याला व टायपिंगच्या थरथरीला चिकटून. फोनचा फायदा इतकाच, की तो सुटा आहे. तोच फोन मॉनिटरला टेकवून ठेवला, तर हा फायदा गेला. अगदी ओठांसमोर धरला, तर ‘प’ आणि ‘फ’चे फुत्कार माइकवर आदळतात. म्हणून वीतभर अंतरावर, थोडा बाजूला, खाली घडी घातलेले फडके ठेवून तो ठेवावा. मुख्य माइकचे छिद्र बहुतेक फोनांत खालच्या कडेला, चार्जिंगच्या खाचेशेजारी असते. त्यामुळे तारेने जोडलेल्या फोनमध्ये एक गंमतशीर त्रास होतो: तार जरा हलली की तिची खसखस थेट माइकमध्ये जाते. तार टेबलाला चिकटपट्टीने बांधून टाकली, की हा प्रश्न मिटतो.

आता तारेच्या खऱ्या कामाकडे. न दाबलेला, 48 किलोहर्ट्झ आणि 16 बिटांचा एका माइकचा आवाज सेकंदाला 768 किलोबिट जागा घेतो. यूएसबी 2 ची वाट 480 मेगाबिटांची. घरातल्या साध्या वाय-फायलाही हे ओझे जाणवत नाही. शिवाय ही ॲप आवाज सहसा ओपससारख्या पद्धतीने दाबून पाठवतात आणि 128 किलोबिटांच्या ओपसमध्ये बोलण्याचा आवाज मूळ आवाजाहून वेगळा ओळखणे जवळपास अशक्य असते. म्हणजे जागा अपुरी पडून वाय-फायचा आवाज बिघडतो, हे म्हणणे टिकत नाही. बिघाड होतो तो उशिरामुळे. फोनमधून निघालेले पाकीट आधी राउटरकडे जाते, तिथून संगणकाकडे. संगणकही वाय-फायवर असेल तर दोन्ही टप्पे हवेतून आणि हवा शेजाऱ्यांच्या राउटरांनीही भरलेली. एखादे पाकीट शंभर मिलिसेकंद उशिरा आले, तर वाजवायला काहीच उरत नाही आणि शब्दाचा तुकडा गळतो. यावर उपाय म्हणून ॲप थोडा साठा, म्हणजे बफर, हाताशी ठेवते. साठा वाढवला की गळती थांबते, पण तेवढाच उशीर वाढतो. दूरध्वनीसाठीची आंतरराष्ट्रीय शिफारस एका बाजूचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत ठेवायला सांगते. त्यात इंटरनेटचा स्वतःचा उशीरही मोजायचा असतो. त्यापुढे गेले की माणसे एकमेकांचे बोलणे तोडू लागतात. यूएसबीवर पाकिटे नियमित येत असल्याने थोड्या साठ्यावर भागते. तारेची कमाई ती हीच.

पण तारेनेही न सुटणारी एक अडचण आहे. फोनचे घड्याळ आणि संगणकाचे घड्याळ वेगवेगळे असते. दोघेही ‘सेकंदाला 48,000 नमुने’ म्हणतात, पण दोघांचा सेकंद तंतोतंत सारखा नसतो. दहा लाखांत 50 एवढा फरक धरला, तर तासाभरात 0.18 सेकंदाची तफावत साचते. साठा हळूहळू रिकामा होतो किंवा तुंबतो आणि मग मधेच ‘टक्’ असा आवाज येतो. चांगली सॉफ्टवेअर आवाजाचा वेग किंचित कमी-जास्त करून ही तफावत गुपचूप भरून काढतात. कामचलाऊ ॲप तसे करत नाहीत. पहिली दहा मिनिटे सगळे ठीक आणि नंतर ठरावीक अंतराने टकटक, असे झाले तर संशय वाय-फायवर न घेता घड्याळांवर घ्यावा.

बिनतारीतला खरा अपवाद ब्लूटूथचा. तिथे दर्जा खरोखर कापला जातो, पण बहुतेकांना वाटते तिथे नाही. फोन ब्लूटूथने संगणकाला नुसता जोडला, तर तो माइक म्हणून दिसतच नाही, कारण ब्लूटूथच्या व्यवहारात फोन आणि संगणक दोघेही हेडसेटच्या मालकाची भूमिका घेतात. हेडसेट व्हायला कोणी तयार नसते. कात्री लागते ती फोनला ब्लूटूथचे इअरफोन जोडून त्यांचा माइक वापरला तेव्हा. जुन्या हँड्स-फ्री पद्धतीत आवाज सेकंदाला 8,000 नमुन्यांत मोजला जातो, म्हणजे 4 किलोहर्ट्झच्या वरचे सगळे गेले. सुधारित पद्धतीत 16,000 नमुने असतात, तिथे कात्री 8 किलोहर्ट्झला. मराठीसाठी 4 किलोहर्ट्झची कात्री महागात पडते. ‘स’चा आणि ‘चमचा’तल्या दंत्य ‘च’चा मोठा भाग 4 किलोहर्ट्झच्या वर असतो. तो कापला की ‘चमचा’तला आणि ‘चहा’तला ‘च’ एकमेकांजवळ सरकतात आणि ऐकणारा संदर्भावरून अंदाज बांधत राहतो. नव्या एलई ऑडिओत ही मर्यादा सैल झाली आहे, पण त्यासाठी दोन्ही टोकांची उपकरणे ती पद्धत बोलणारी हवीत.

साडेतीन मिलिमीटरच्या साध्या ऑडिओ तारेचा मार्ग सोडून द्यावा. त्या खाचेतून फोन आवाज बाहेर देतो, स्वतःच्या माइकमधला आवाज आपणहून पाठवत नाही. त्यात फोन चार्जिंगला असेल तर गुणगुण आयतीच.

प्रत्यक्ष जोडणी कशी होते, हे एका उदाहरणात पाहू. विंडोजचा डेस्कटॉप, अँड्रॉइड 12 चा फोन आणि scrcpy हे मोफत साधन. फोनमध्ये डेव्हलपर पर्यायांतून यूएसबी डीबगिंग सुरू करायचे, यूएसबी तार लावायची आणि फोनवर येणारी परवानगी द्यायची. मग संगणकावर ही आज्ञा:

```
scrcpy --no-video --no-control --audio-source=mic
```

आता फोनच्या माइकचा आवाज संगणकाच्या स्पीकरमधून येईल. पण आपल्याला तो माइकच्या जागी हवा आहे. त्यासाठी व्हीबी-केबल नावाची आभासी तार बसवायची. विंडोजच्या व्हॉल्यूम मिक्सरमध्ये scrcpyचा आवाज CABLE Input कडे वळवायचा आणि सभेच्या ॲपमध्ये माइक म्हणून CABLE Output निवडायचा. नावे उलटी वाटतात, पण ती तारेच्या बाजूने दिलेली आहेत: एका तोंडात आवाज शिरतो, दुसऱ्यातून निघतो. आवाज तुटत असेल तर आज्ञेत --audio-buffer=200 जोडावे; नेहमीचा साठा 50 मिलिसेकंदांचा असतो. डीबगिंगचा सोपस्कार नको असेल, तर वाय-फायवर चालणारे एखादे माइक-ॲप घेऊन फोनचे यूएसबी टेदरिंग सुरू करावे. ॲपला वाटते आपण नेटवर्कवर आहोत, पाकिटे मात्र तारेतून जातात. आयफोन आणि मॅकवाल्यांना यातले काहीच करावे लागत नाही: आयओएस 16 आणि मॅकओएस व्हेंच्युरापासून जवळचा आयफोन माइकच्या यादीत आपोआप दिसतो.

जोडणी झाल्यावर कानावर विसंबू नये. ऑडॅसिटी या मोफत कार्यक्रमात मिनिटभर बोलणे रेकॉर्ड करावे, त्यात ‘स’ आणि ‘श’ भरपूर असावेत, आणि Plot Spectrum उघडावे. आलेख 4 किंवा 8 किलोहर्ट्झला कड्यावरून पडल्यासारखा तुटत असेल, तर वाटेत कुठेतरी फोनकॉलचा दर्जा शिरला आहे. फाइलवर 48,000 लिहिले असले तरी त्यावर जाऊ नये. अरुंद आवाजही रुंद फाइलमध्ये साठवता येतो. आलेख उताराने पंधरा-सोळा किलोहर्ट्झपर्यंत जात असेल, तर वाट मोकळी आहे आणि उरलेला दोष खोलीचा किंवा अंतराचा.

यानंतरही आवाज पाण्याखालून आल्यासारखा, शब्दांच्या शेपट्या खाणारा येत असेल, तर दोष बहुधा दुहेरी सफाईचा. फोन स्वतः गोंगाट दाबतो, वर सभेचे ॲपही दाबते. दोघांपैकी एकाला गप्प करावे. सहसा ॲपमधली सफाई बंद करणे सोपे पडते. प्रतिध्वनीचे मात्र वेगळे आहे. संगणकाच्या स्पीकरमधला आवाज फोनचा माइक परत उचलतो आणि वाटेतल्या उशिरामुळे व वेगळ्या घड्याळामुळे ॲपला तो नीट ओळखून पुसता येत नाही. यावर सेटिंग शोधत बसण्यापेक्षा तारेचे इअरफोन संगणकाला लावावेत.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: एवढे करण्यापेक्षा साधा यूएसबी माइक का घेऊ नये? रोजचे तास, रोजच्या सभा असतील तर घ्यावाच. त्यात आभासी तार नाही, फोनची बॅटरी नाही, मधेच कॉल आल्याने माइक हिरावला जाण्याची भीती नाही. आणि ज्याला पॉडकास्टसारखे नुसते रेकॉर्डिंग करायचे आहे, त्याने फोन संगणकाला जोडूच नये. फोनमध्येच रेकॉर्ड करून फाइल नंतर नेली, तर उशीर, गळती आणि आभासी तार हे तिन्ही प्रश्न उद्भवतच नाहीत. चित्राशी जुळवणी करायची असेल तर सुरुवातीला एक टाळी वाजवली की पुरते. फोन थेट जोडण्याला खरा अर्थ उरतो तो अधूनमधूनच्या जिवंत बोलण्यासाठी आणि त्या वेळी वाय-फाय चालत असेल तर तारेसाठी अडून बसण्याचे कारण नाही.