पेन मांडीवर, मूल आडवं

परदेशातून पुण्यात परतलेल्या एका कुटुंबातली मुलगी तिसरीत शिकते, असं समजा. तिला शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी आहे. दप्तरात अ‍ॅड्रेनालिनची दोन पेनं आहेत आणि सोबत इंग्रजीतला सूचनांचा कागद. मधल्या सुट्टीत ती मैत्रिणीच्या डब्यातली काकडीची कोशिंबीर खाते. त्यात दाण्याचा कूट आहे. त्या क्षणी तिच्याजवळ असतात वर्गशिक्षिका आणि मावशी. त्यामुळे सूचना मराठीत हव्यात, त्याही एका ओळीत एकच काम सांगणाऱ्या. घाबरलेल्या माणसाला लांब वाक्याचा शेवट सापडत नाही.

पहिला प्रश्न असतो, पेन द्यायचं की थांबायचं? नुसतं अंगावर पित्त उठलं किंवा ओठ थोडे सुजले, तर मुलीला एकटं न सोडता लक्ष ठेवायचं आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं अ‍ॅलर्जीचं औषध द्यायचं. पण आवाज घोगरा झाला, गिळता येईना, खोकला थांबेना, श्वासाला घरघर लागली किंवा ती पांढरीफटक पडून गळून गेली, तर लगेच पेन. यांपैकी एकच लक्षण असलं तरी पुरे. अंगावर पुरळ नसलं म्हणून थांबू नये. अ‍ॅलर्जीच्या गोळीने आवळलेला श्वास मोकळा होत नाही आणि घसरलेला रक्तदाबही वर येत नाही. ही दोन्ही कामं अ‍ॅड्रेनालिन करतं. शंका असेल तर पेन द्यावं, कारण उशिराचा धोका औषधाच्या धोक्यापेक्षा मोठा असतो.

आपल्या मुलीचं पेन एपिपेन आहे. त्याचं एक टोक निळं, दुसरं नारिंगी. भिंतीवर लावायचा कागद असा होईल:

१. मुलीला जागच्या जागी आडवं करा. पाय उंच ठेवा.
२. श्वास घेता येत नसेल तर पाय पसरून बसवा. उभं करू नका.
३. पेन मुठीत धरा. अंगठा कुठल्याच टोकावर ठेवू नका.
४. निळं टोपण सरळ ओढून काढा.
५. मुलीचा पाय घट्ट धरा.
६. नारिंगी टोक मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, जोरात दाबा. कपड्यावरून चालेल.
७. ‘टक्’ आवाज आला की तसंच दाबून धरा. मोजा: एक, दोन, तीन.
८. पेन काढा. वेळ लिहा.
९. १०८ ला फोन करा. ‘तीव्र अ‍ॅलर्जी, पेन दिलंय’ असं सांगा.
१०. पाच मिनिटांत फरक नसेल तर दुसरं पेन दुसऱ्या मांडीत द्या.

शेजारी दुसरं कुणी असेल तर नवव्या कामासाठी थांबू नये. बाई म्हणतात, ‘मावशी, तुम्ही १०८ ला लावा, मी पेन देते,’ आणि दोन्ही कामं एकाच वेळी होतात.

चुका कुठे होतात हेही ठाऊक हवं. सुई नारिंगी टोकातून येते. घाईत पेन उलटं धरलं, तर ती देणाऱ्याच्याच अंगठ्यात घुसते. पाय धरला नाही आणि मुलीने झटकला, तर मांडीला ओरखडा पडतो. सर्वांत घातक चूक मात्र साधी दिसते: ‘चल बाळा, ऑफिसात जाऊ.’ रक्तदाब घसरलेला असताना उठून चाललं, तर हृदयाकडे परतणारं रक्त एकदम कमी होतं आणि मूल कोसळू शकतं. पेन मुलीकडे आणायचं, मुलीला पेनाकडे न्यायचं नाही. म्हणूनच ते कुलुपाच्या कपाटात ठेवू नये. फ्रिजमध्ये किंवा उन्हात तापलेल्या गाडीतही नको.

पेन देऊन झाल्यावर एक गोष्ट गोंधळात टाकते. वापरलेल्या पेनात बरंचसं औषध शिल्लक दिसतं. एपिपेनमध्ये साधारण दोन मिली द्रव असतो, पण एका वेळी फक्त ०.३ मिली बाहेर पडतो. उरलेलं वापरता येत नाही. पेन चाललं की नाही हे नारिंगी टोकावरून कळतं: चाललं असेल तर ते लांब होऊन सुई झाकून टाकतं. नंतर मुलीचे हात थरथरले, छाती धडधडली, तर तो औषधाचा परिणाम असतो. तिला बरं वाटलं तरी दवाखान्यात न्यायचंच, कारण काही तासांनी लक्षणं परतू शकतात. वापरलेलं पेन आणि लिहिलेली वेळ अ‍ॅम्ब्युलन्सच्या डॉक्टरांच्या हाती द्यावी.

हा कागद सगळ्याच पेनांना चालत नाही. जेक्स्ट नावाच्या पेनाचं टोपण पिवळं, सुईचं टोक काळं आणि दाबून धरायचा वेळ दहा सेकंद. शिवाय मुलीच्या वजनानुसार पेनातली मात्रा ०.१५ किंवा ०.३ मिलिग्रॅम असते. म्हणून मुलगी शाळेत येते त्या दिवशीच तिचं पेन आणि भिंतीवरचा कागद शेजारी धरून ताडून पाहावा, आणि पेनाची मुदत कधी संपते ते कागदावर मोठ्या अक्षरांत लिहावं. आपल्याकडे ही पेनं कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात सहज मिळत नाहीत. नवं मागवायला पालकांच्या हाताशी काही आठवडे हवेत.