इंटरनेट तुटपुंजे असताना लिनक्स : छोटी फाइल घ्यावी की पूर्ण?

डेबियन या लिनक्स वितरणाच्या संकेतस्थळावर डाउनलोडचे जे बटण समोर दिसते, त्यावरून उतरणारी फाइल साधारण सातशे-आठशे एमबीची असते. तिच्या नावात `netinst` हा शब्द असतो. त्याच ठिकाणी थोडे आत गेल्यास `DVD-1` नावाची दुसरी फाइल मिळते. ती चार जीबीच्या जवळपास जाते. ज्यांच्या घरी वा शाळेत इंटरनेट मंद आहे किंवा मोजून वापरावे लागते, ते साहजिकच पहिली फाइल निवडतात. बचतीचा हा हिशेब मात्र अर्धाच असतो, कारण लहान फाइलमुळे डाउनलोड संपत नाही, त्यातील मोठा भाग पुढे ढकलला जातो आणि तो नेमका संगणक अर्धवट स्थितीत असताना करावा लागतो.

`netinst` फाइलमध्ये इन्स्टॉलर आणि यंत्रणेचा पाया एवढेच असते. खिडक्या, मेन्यू, ब्राउझर, लेखनाचे सॉफ्टवेअर हे सारे इन्स्टॉलर सर्व्हरवरून मागवतो. डेस्कटॉप कोणता निवडला यावर ते अवलंबून असले, तरी आणखी एक ते दीड जीबीची तयारी ठेवावी लागते. `DVD-1` मध्ये हीच सामग्री आधीपासून भरलेली असते. डेबियनच्या भांडारात साठ हजारांहून अधिक पॅकेजे आहेत. त्यांतील सर्वाधिक वापरली जाणारी पॅकेजे या पहिल्या डीव्हीडीवर घेतलेली असतात. त्यामुळे इंटरनेटची तार न जोडताही पूर्ण डेस्कटॉप उभा राहतो.

हिशेब उदाहरणाने पाहावा. समजा, सत्तरी तालुक्यातील एका शाळेत पाच जुने संगणक आहेत आणि तेथे मोबाइलच्या जोडणीवर एक एमबीपीएस इतकाच वेग मिळतो. या वेगाने तासाला सुमारे साडेचारशे एमबी उतरतात. एकाच संगणकासाठी छोटी फाइल घेतली, तर साडेसातशे एमबी आणि डेस्कटॉपचे सव्वा जीबी मिळून दोन जीबी लागतील, म्हणजे साधारण साडेचार तास. पूर्ण डीव्हीडीला नऊ तास लागतील. येथे छोटी फाइल स्वस्त पडते. परंतु डेस्कटॉपचे सव्वा जीबी प्रत्येक संगणक स्वतंत्रपणे मागवतो. दोन संगणकांसाठी एकूण सव्वातीन जीबी, तिघांसाठी साडेचार जीबी आणि पाचांसाठी सात जीबी. म्हणजे तिसऱ्या संगणकापासून डीव्हीडी स्वस्त होते. शिवाय ती शाळेतच उतरवण्याची गरज नाही. वाळपईत किंवा पणजीत चांगली जोडणी असलेल्या ठिकाणी ती एकदा उतरवून पेनड्राइव्हवर आणता येते आणि पाचही यंत्रांवर वापरता येते.

छोट्या फाइलबाबत वेगापेक्षाही जोडणीचे सातत्य महत्त्वाचे ठरते. नेटवर्क मध्येच गेले, तर इन्स्टॉलर लाल पडदा दाखवून सॉफ्टवेअर निवडण्याची पायरी अयशस्वी झाल्याचे सांगतो. अशा वेळी घाबरून यंत्र बंद करू नये. तोवर उतरलेली पॅकेजे डिस्कवर साठलेली असतात. जोडणी परत आल्यावर मेन्यूतून तीच पायरी पुन्हा चालवली, की उरलेलीच पॅकेजे मागवली जातात. यंत्र बंद करून डिस्कच्या विभागणीपासून आरंभ केल्यास मात्र ती सारी पुसली जातात आणि डेटा दुसऱ्यांदा खर्च होतो.

इंटरनेट मुळीच नसेल, तर `netinst` बसते, पण केवळ पाया बसतो. सर्व्हरशिवाय पुढे जायचे का, असे इन्स्टॉलर विचारतो. होकार दिल्यावर यंत्र पुन्हा सुरू होते, तेव्हा काळ्या पडद्यावर फक्त `login:` दिसते. यंत्र बिघडलेले नसते; डेस्कटॉप आलेलाच नसतो. आणखी एक अडचण सार्वजनिक वायफायची. ज्या वायफायवर आधी ब्राउझरमध्ये क्रमांक व सांकेतिक शब्द भरावा लागतो, तेथे इन्स्टॉलर अडतो, कारण त्याच्याजवळ ब्राउझर नसतो. अशा ठिकाणी फोन यूएसबी केबलने जोडून त्याचे इंटरनेट द्यावे. इन्स्टॉलरला ते बहुधा तारेच्या जोडणीसारखे दिसते. वायफाय चिपसाठी लागणारे फर्मवेअर पूर्वी वेगळे शोधावे लागे. २०२३ साली आलेल्या डेबियन १२ पासून ते दोन्ही प्रकारच्या फाइलींत समाविष्ट आहे.

डीव्हीडीची फाइल मोठी असल्याने ती उतरवताना तुटण्याची शक्यताही अधिक. त्यासाठी टॉरेंट उत्तम, कारण ते तुकड्यातुकड्याने तपासत उतरते आणि खंड पडल्यास तेथूनच पुढे चालू होते. फाइल शहरातून घेऊन निघण्यापूर्वी ती अखंड आहे ना, हे तपासलेच पाहिजे. फाइल असलेल्या फोल्डरमध्ये जाऊन विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पुढील आज्ञा द्यावी; फाइलचे नाव आपल्याजवळील प्रतीप्रमाणे लिहावे.

```
certutil -hashfile debian.iso SHA512
```

येणारी लांबलचक अक्षरमाला संकेतस्थळावरील `SHA512SUMS` या फाइलमधील त्याच नावापुढच्या अक्षरमालेशी जुळली पाहिजे. एक अक्षर जरी वेगळे असले, तरी फाइल सदोष समजावी. पेनड्राइव्ह आठ जीबीचा घ्यावा, आणि फाइल त्यावर नुसती कॉपी न करता थेट लिहिणाऱ्या साधनाने उतरवावी. नुसत्या कॉपी केलेल्या फाइलवरून संगणक सुरू होत नाही. पेनड्राइव्हवर आधी असलेला मजकूर या कृतीत पुसला जातो, हेही ध्यानात ठेवावे.

डीव्हीडीने बसवताना सर्व्हर वापरायचा का, या प्रश्नाला नकार द्यावा. अन्यथा इन्स्टॉलर नवी पॅकेजे शोधत मंद जोडणीवर ताटकळतो. या नकाराची किंमत पुढे चुकवावी लागते. डीव्हीडी ही ती तयार झाली त्या दिवसाची प्रत असते. त्यानंतरच्या सुरक्षा-दुरुस्त्या तिच्यात नसतात आणि यंत्रणेला फक्त डीव्हीडीचाच पत्ता ठाऊक असतो. म्हणून इंटरनेट मिळेल तेव्हा `/etc/apt/sources.list` या फाइलमधील `cdrom` ने सुरू होणाऱ्या पत्त्याची ओळ काढून सर्व्हरचे पत्ते लिहावे लागतात. डेबियन १३ साठी ते असे :

```
deb http://deb.debian.org/debian trixie main non-free-firmware
deb http://security.debian.org/debian-security trixie-security main non-free-firmware
```

त्यानंतर `apt update` आणि `apt upgrade` या आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालवल्या, की दुरुस्त्या उतरतात. डीव्हीडी जितकी जुनी, तितका हा भार मोठा. डेबियन आपल्या प्रती साधारण दर दोन महिन्यांनी ताज्या करते. तेव्हा जुनी फाइल सांभाळून ठेवण्यापेक्षा शहरात जाण्याच्या दिवशीची ताजी प्रत आणणे श्रेयस्कर.

एका-दोन यंत्रांसाठी, वेग कमी असला तरी जोडणी टिकून राहत असेल, तर छोटी फाइल योग्य. यंत्रे तीन वा अधिक असतील, जोडणी वारंवार तुटत असेल किंवा मुळीच नसेल, तर पूर्ण डीव्हीडी. सत्तरीतील त्या शाळेने शहरातून चार जीबी आणले, तर पाचही संगणक जोडणीविना उभे राहतील आणि शाळेचा मर्यादित डेटा सुरक्षा-दुरुस्त्यांसाठी शिल्लक राहील.