वजन प्रशिक्षणातील व्यायामविभागणी

व्यायामविभागणी किंवा स्प्लिट म्हणजे वजन प्रशिक्षणात शरीराच्या निरनिराळ्या स्नायुगटांचे व्यायाम आठवड्यातील दिवसांमध्ये वाटून घेण्याची पद्धत होय. फुल बॉडी, अप्पर-लोअर आणि पुश-पुल-लेग्ज या तिच्या तीन प्रचलित पद्धती आहेत. यांपैकी कोणती पद्धत सोयीची ठरेल, हे मुख्यतः आठवड्यातून किती दिवस व्यायामाला खात्रीने मिळतात यावर अवलंबून असते.

तीन पद्धती

फुल बॉडी पद्धतीत प्रत्येक दिवशी संपूर्ण शरीराचा व्यायाम केला जातो. अमेरिकन प्रशिक्षक बिल स्टार यांचे 'द स्ट्राँगेस्ट शॅल सर्व्हाइव्ह' (१९७६) हे फुटबॉलपटूंसाठी लिहिलेले पुस्तक या पद्धतीचे परिचित उदाहरण आहे. त्यात आठवड्यातून तीन दिवस स्क्वॉट, बेंच प्रेस आणि पॉवर क्लीन या व्यायामांवर भर दिला आहे.

अप्पर-लोअर पद्धतीत कमरेच्या वरचे आणि खालचे असे दोन भाग केले जातात व ते आलटून-पालटून घेतले जातात. पुश-पुल-लेग्ज पद्धतीत विभागणी हालचालींवर आधारलेली असते. वजन ढकलताना छाती, खांदे आणि दंडाच्या मागचे स्नायू एकत्र काम करतात, म्हणून ते एका दिवशी येतात. वजन ओढताना पाठ आणि दंडाच्या पुढचे स्नायू काम करतात, म्हणून ते दुसऱ्या दिवशी येतात. तिसरा दिवस पायांचा असतो. एकत्र काम करणारे स्नायू एकत्रच विश्रांती घेतात, हा या विभागणीचा हेतू आहे.

निवडीमागील तत्त्व

व्यायामानंतर स्नायूंमधील प्रथिनांच्या निर्मितीचा वेग वाढतो आणि साधारण एक ते दोन दिवसांत तो पूर्ववत होतो. त्यामुळे एखाद्या स्नायुगटाला आठवड्यातून एकदाच व्यायाम मिळाल्यास उरलेले बरेच दिवस तो नव्या चालनेविना राहतो. शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांच्या २०१६ मधील एकत्रित विश्लेषणात, स्नायूंच्या वाढीसाठी आठवड्यातून दोनदा केलेला व्यायाम एकदा केलेल्या व्यायामापेक्षा सरस आढळला. मात्र २०१९ मधील त्यांच्याच पुढील विश्लेषणात, आठवड्यातील एकूण सेट सारखे ठेवल्यास वारंवारितेने फारसा फरक पडत नाही असे दिसून आले. म्हणून 'दोनदा' या संख्येकडे काटेकोर नियम म्हणून न पाहता आठवड्याचे सेट चांगल्या प्रतीने पूर्ण करण्याची सोय म्हणून पाहणे योग्य ठरते. एकाच बैठकीत एका स्नायुगटाचे बारा सेट केल्यास शेवटचे सेट थकव्यामुळे कमी वजनाने किंवा कमी आवर्तनांत होतात. तेच सेट सहा-सहा असे वाटल्यास बहुतेक सेट जोमाने होतात.

एक उदाहरण

ढकलण्याचे स्नायू, ओढण्याचे स्नायू, मांडीच्या पुढचे स्नायू आणि मांडीच्या मागचे स्नायू (नितंबांसह) असे चार गट धरू. प्रत्येक गटाला आठवड्यात १२ सेट द्यायचे ठरवल्यास एकूण ४८ सेट होतात. विश्रांतीसह एका सेटला सुमारे तीन मिनिटे लागतात असे मानू.

तीन दिवस उपलब्ध असतील आणि फुल बॉडी निवडली, तर प्रत्येक दिवशी १६ सेट येतात: स्क्वॉट, बेंच प्रेस, रो आणि रोमानियन डेडलिफ्ट यांचे प्रत्येकी चार. याला सुमारे ४८ मिनिटे आणि शरीर गरम करण्यास आणखी दहा मिनिटे लागतात. त्याच तीन दिवसांत पुश-पुल-लेग्ज बसवल्यास ढकलण्याच्या दिवशी १२, ओढण्याच्या दिवशी १२ आणि पायांच्या दिवशी तब्बल २४ सेट येतात, शिवाय प्रत्येक गट आठवड्यातून एकदाच होतो. तीन दिवसांसाठी ही विभागणी सर्वांत गैरसोयीची ठरण्याचे कारण हेच आहे.

चार दिवस असतील तर अप्पर-लोअर पद्धतीने दररोज १२ सेट येतात आणि प्रत्येक गट दोनदा होतो. मुख्य व्यायाम ३६ मिनिटांत संपत असल्याने दंड, खांदे व पोटऱ्यांच्या व्यायामांना वेळ उरतो. सोमवार, मंगळवार, गुरुवार आणि शुक्रवार हे वेळापत्रक त्यासाठी प्रचलित आहे.

सहा दिवस असतील तर पुश-पुल-लेग्ज चक्र आठवड्यात दोनदा पूर्ण होते. परंतु ढकलण्याच्या आणि ओढण्याच्या दिवशी केवळ सहा-सहा मुख्य सेट येतात. एवढ्या सेटसाठी सहा दिवस व्यायामशाळेत जाण्याची गरज नसते. प्रत्येक गटाचे सेट वाढवून वीसपर्यंत नेले, तर फुल बॉडीच्या तीन दिवसांत दररोज सुमारे २७ सेट, म्हणजे ८० मिनिटांहून अधिक काम येते. अशा वेळी सहा दिवसांची विभागणी उपयोगी पडते.

| दिवस | सोयीची विभागणी | प्रत्येक गटाची आठवड्यातील वारंवारिता |
|---|---|---|
| २ | फुल बॉडी | २ |
| ३ | फुल बॉडी | ३ |
| ४ | अप्पर-लोअर | २ |
| ५ | अप्पर, लोअर, पुश, पुल, लेग्ज | २ |
| ६ | पुश-पुल-लेग्ज दोनदा | २ |

चुकलेला दिवस

ठरवलेले दिवस आणि प्रत्यक्षात मिळणारे दिवस यांत अंतर पडते. वरील उदाहरणात फुल बॉडीचा एक दिवस चुकला तरी प्रत्येक गटाला १२ पैकी ८ सेट आणि दोन वेळा व्यायाम मिळतो. अप्पर-लोअरमधील एक लोअर दिवस चुकल्यास पायांचे निम्मे काम राहते. तीन दिवसांच्या पुश-पुल-लेग्जमध्ये लेग्जचा दिवस चुकल्यास पायांना त्या आठवड्यात काहीच व्यायाम मिळत नाही. विभागणी जितकी बारीक, तितकी चुकलेल्या दिवसाची किंमत अधिक असते. म्हणून निवड करताना आदर्श आठवड्याऐवजी मागील महिन्यात प्रत्यक्ष किती दिवस व्यायाम झाला, ती संख्या धरली जाते.

यावर एक उपाय म्हणजे वारांऐवजी क्रम पाळणे: लेग्जचा दिवस चुकला, तर पुढच्या बैठकीत लेग्जच घ्यायचे. तथापि पुश-पुल-लेग्ज या रीतीने चारच दिवस केल्यास प्रत्येक गटाची पाळी सरासरी आठवड्यातून १.३ वेळा येते, म्हणजे अप्पर-लोअरपेक्षा कमी.

मर्यादा व अयोग्य निवडीची लक्षणे

फुल बॉडीत क्रमाने शेवटी येणारा व्यायाम थकलेल्या शरीराने होतो. नोंदवहीत त्याच एका व्यायामाची प्रगती खुंटलेली दिसल्यास क्रम आलटून-पालटून बदलला जातो. त्यानेही फरक न पडल्यास आणि बैठक दीड तासापर्यंत लांबू लागल्यास दिवस वाढवून अप्पर-लोअरकडे वळण्याची वेळ आली असे समजले जाते. याउलट सहा दिवसांच्या विभागणीत नेहमीचे वजन वारंवार जड वाटणे आणि आवर्तने घटणे हे अपुऱ्या विश्रांतीचे लक्षण असते. खांद्याचे सांधे ढकलणे व ओढणे या दोन्ही हालचालींत भाग घेतात, त्यामुळे लागोपाठच्या पुश आणि पुल दिवसांत स्नायूंना विश्रांती मिळाली तरी या सांध्यांना ती पुरेशी मिळत नाही.

अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या २००९ मधील भूमिकापत्रात नवशिक्यांसाठी आठवड्यातून दोन ते तीन दिवस संपूर्ण शरीराचा व्यायाम सुचवलेला आहे. नवशिक्यांना थोड्या सेटमध्येही प्रगती साधता येते आणि हालचाली वारंवार केल्याने त्या लवकर अंगवळणी पडतात. त्यामुळे अधिक दिवस उपलब्ध असले तरी त्यांच्या बाबतीत बारीक विभागणीची निकड सहसा नसते.