आपट्याचं पान आणि दुकानात नसलेली पैठणी

सकाळी ८

दसऱ्याला दहा दिवस उरलेत, म्हणजे आमच्या फ्लेक्सच्या धंद्यात खरी लगीनघाई. कराडातल्या माझ्या दुकानाचं शटर वर करण्याआधीच मोबाइलवर अकरा ‘डिझाइन’ येऊन पडलेली असतात. पूर्वी व्यापारी मजकूर पाठवायचे आणि चित्र मी करायचे. आता ते एआयकडून तयार झालेलं चित्रच पाठवतात आणि खाली लिहितात, ‘ताई, एवढं फक्त छापून द्या.’

आज दुपारी व्यापारी संघटनेच्या सभागृहात याच विषयावर वीस मिनिटं बोलायचं आहे. वेळ तीनची ठेवली, कारण दोन ते चार बाजार थंड असतो.

सकाळी १०

भाषणासाठी उदाहरणं शोधावी लागली नाहीत. आलेल्या अकरांपैकी चार पुरेशी होती. एकात आपट्याची पानं सोन्याची होती, पण आकार थेट पिंपळाचा. आपट्याचं पान दोन पाळ्यांचं, मधे खाच असलेलं, गुरांच्या खुरासारखं. दसऱ्याला ते ओळखण्यात कोणाची चूक होत नाही. चित्र करणाऱ्या यंत्राला मात्र ‘सोन्याचं पान’ सांगितलं की ते कुठलंही पान सोनेरी रंगवतं.

मी दारातल्या पानवालीकडून एक डहाळी घेतली, पांढऱ्या कागदावर ठेवली आणि खिडकीच्या उजेडात फोटो काढला. पाच मिनिटांचं काम.

दुपारी १२

एका साडीवाल्या काकांचं पोस्टर उघडलं. नऊवारीतली बाई, नाकात नथ, खांद्यावर मोरांचा पदर. पहिल्या नजरेला सुंदर. मग लक्षात आलं, नथ उजव्या नाकपुडीत आहे आणि पदर उजव्या खांद्यावर. त्यांच्या मुलाला फोन केला. यंत्रानं बाजू बरोबर दिली होती. अक्षरांना डावीकडे जागा हवी म्हणून त्यानंच चित्र आरशासारखं उलटवलं होतं.

दुसरा दोष त्याहून मोठा. काठावर निरीपर्यंत नारळी होती, पुढे तीच वेलबुट्टी झाली. पदरावरच्या एका मोराला दोन चोची. आणि खाली किंमत छापायची होती, ९,९९९ रुपये.

‘काका, ही पैठणी दुकानात आहे?’

‘अशीच नाही, पण अशा जातीतली आहे.’

‘गिऱ्हाईक हीच मागेल ना.’

काका गप्प झाले. म्हणाले, ‘तीन वाजता येतो ऐकायला.’

दुपारी ३

सभागृहात तीसेक जण. किराणावाले, सोनार, कापडवाले, दोन मिठाईवाले. मी पडद्यावर पिंपळाचं सोनेरी पान दाखवलं आणि हे काय म्हणून विचारलं. हशा झाला. तो हशाच पहिला मुद्दा होता. सणाची खूण चुकली की गिऱ्हाईक आधी हसतं आणि मग दुकानाचं नावही त्या हशासोबत लक्षात ठेवतं. म्हणून चित्र छापायला देण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्या बाईला दाखवा. नथ, पदर, पान, आरतीचं ताट यांतली चूक तिला दोन सेकंदांत दिसते. चित्र उलटवलं असेल तर हे तपासणं सोडूच नका.

मग काकांचं नाव न घेता पैठणीवर आले. म्हटलं, तोरण, दिवे, झेंडूच्या माळा, मागचा वाडा हे सगळं यंत्राकडून काढून घ्या. तिथे कोणी फसत नाही. विकायची वस्तू मात्र तुमच्याच दुकानातली हवी, तुम्ही काढलेल्या फोटोतली. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूचं खोटं वर्णन करणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते, आणि चित्र हेही वर्णनच. सोनाराच्या पोस्टरवरचा हार, मिठाईच्या ताटातली बर्फी, सगळ्यांना हेच लागू.

मागच्या बाकावरून एका सोनारानं विचारलं, ‘एखाद्या हिरोचा चेहरा टाकला तर? यंत्रानंच काढलेला, फोटो नाही.’

म्हटलं, यंत्रानं काढला म्हणून चेहरा तुमचा होत नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२३ मध्ये अनिल कपूर यांचं नाव, चेहरा आणि आवाज त्यांच्या परवानगीविना धंद्यासाठी वापरायला मनाई केली, त्यात एआयनं केलेला वापरही आला. सोनारांनी वही काढून लिहून घेतलं.

अक्षरांवर जरा जास्त थांबले. ‘शुभेच्छा’ मधला ‘च्छा’ आणि ‘दसऱ्याच्या’ मधला ‘ऱ्या’ या दोन ठिकाणी चित्रातली अक्षरं अनेकदा कोलमडतात. नव्या यंत्रांची मराठी सुधारली आहे, पण ती अक्षरं चित्रात मुरलेली असतात, एक काना बदलायचा तरी चित्रालाच हात लावावा लागतो. म्हणून यंत्राला ‘अक्षर नको, डावीकडे मोकळी जागा ठेव’ असं सांगायचं. मजकूर आम्ही वेगळा टाइप करतो आणि छपाईआधी कर्व्ह करून घेतो, म्हणजे दुसऱ्या संगणकावर फॉन्ट फुटत नाही.

शेवटचा हिशेब फळ्यावर मांडला. चित्र १०२४ पिक्सेल रुंद. फ्लेक्स दहा फूट, म्हणजे १२० इंच. भागाकार केला तर एका इंचाला जेमतेम साडेआठ ठिपके. चौकातला फ्लेक्स लांबून पाहायचा म्हणून इंचाला ५० ठिपक्यांवर भागतं, पण त्यासाठी ६,००० पिक्सेल रुंदी लागते. सॉफ्टवेअरनं चित्र मोठं करता येतं. पण तेव्हा जरीचे धागे, दागिन्यांचे खडे ते अंदाजानं भरतं. पुन्हा व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलं की दर्जा आणखी घसरतो. म्हणून फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. आणि मोठ्या छपाईआधी चेहऱ्याचा किंवा वस्तूचा एक फुटाचा तुकडा खऱ्या मापात छापून पाहा. स्क्रीनवर झळाळणारा राणी रंग शाईत मंदावतो, हेही त्याच तुकड्यावर कळतं.

संध्याकाळी ५

साडीवाल्या काकांनी दुकानातली खरी पैठणी आणली. आम्ही ती दारात, उन्हाआड, बाहेरच्या मऊ उजेडात टांगली. फ्लॅश बंद ठेवला, कारण फ्लॅशमध्ये जरीचे धागे पांढरे पडतात. पदर सरळ करून मोर पूर्ण दिसतील असा एक फोटो घेतला, काठाचा जवळून दुसरा. मागचा वाडा आणि तोरण त्यांच्या मुलानं काढलेल्या चित्रातलं ठेवलं, ती बाई काढून टाकली. सकाळचं आपट्याचं पान कोपऱ्यात बसवलं.

रात्री ९

एक फुटाचा तुकडा छापून निघाला. राणी रंग विटकरीकडे झुकला होता, तो दुरुस्त करून दुसरा तुकडा काढला. काकूंनी तो हातातल्या साडीशेजारी धरला, काठ पाहिला, मोर मोजले, किंमत वाचली.

‘आता ही मागितली तर देता येईल,’ त्या म्हणाल्या.

उद्या सकाळी दहा फुटी फ्लेक्स छापायला लावते. अकरांपैकी उरलेली दहा डिझाइन अजून तपासायची आहेत.