कॉफी दळताना उडणारी भुकटी

कॉफीच्या बिया दळल्या की भुकटी ग्राइंडरच्या तोंडाला चिकटते, डब्याच्या कडेला चढते आणि उरलेली गोळे होऊन पडते. दोष यंत्राचा नसतो, स्थिर विजेचा असतो. बी फुटताना आणि तिचे कण एकमेकांवर व पात्यांवर घासताना त्यांच्यावर विद्युतभार साचतो. भारित कण धातूला चिकटतात. विरुद्ध भाराचे कण एकमेकांना धरून गुठळ्या बनवतात.

अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर हेंडन यांनी ज्वालामुखीच्या राखेतील वीज अभ्यासणाऱ्या सहकाऱ्यांसह हा भार मोजला. त्यांचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. गडद भाजलेल्या बियांत ओलावा कमी उरतो, म्हणून त्यांच्यावर भार जास्त येतो. दळण बारीक असेल तर तो आणखी वाढतो.

उपाय सोपा आहे. दळण्यापूर्वी बियांवर थोडे पाणी शिंपडायचे. ओल्या पृष्ठभागावर भार साचून राहत नाही. एका ग्रॅमला सुमारे 0.02 मिलिलिटर पाणी पुरते. म्हणजे एस्प्रेसोच्या 18 ग्रॅम बियांना 0.36 मिलिलिटर, साधारण सात थेंब. बिया हलवून लगेच दळा. गुठळ्या कमी झाल्या की एस्प्रेसोचे पाणी भुकटीतून एकसारखे झिरपते आणि कॉफी अधिक दाट उतरते.

भुकटी ओलसर होऊन पात्यांना लिंपली, तर पाणी जास्त झाले असे समजा. साठवणीच्या बियांवर मात्र पाणी कधीच शिंपडू नका. त्या वेळी लागतील तेवढ्याच भिजवा.